सोलापूरला दोनदा गेलेले पैसे आणि चार वेळा लिहिलेलं पत्र

मी गोव्यातल्या पेडण्याची, मोरजीला एका छोट्या हॉटेलात अकाउंट्स बघते. छोटं म्हणजे ३६ खोल्या, एक पूल, एक किचन, आणि अकाउंट्स डिपार्टमेंट म्हणजे मी आणि एक प्रिंटर. २०२४च्या मार्चात आमच्याकडून एका सप्लायरला एकाच बिलाचे पैसे दोनदा गेले. ते परत मागायचं पत्र मला चार वेळा लिहावं लागलं. पैसे दोनदा जाणं काही नवीन नाही, कुठच्याही अकाउंटंटला विचारा, एकदा तरी झालेलं असतंच. पण पहिलं पत्र मी जसं लिहिलं होतं तसं गेलं असतं तर काय तोंडावर पडले असते हे आठवलं की अजून कसंतरी होतं, म्हणून लिहून ठेवतेय.

तर सप्लायर सोलापूरचा, टॉवेल बनवणारा, स्वतःचं युनिट असलेला छोटा माणूस. फेब्रुवारीत आम्ही त्याच्याकडून २४० बाथ टॉवेल, २४० हँड टॉवेल आणि १२० बाथमॅट घेतले. माल ८४,०००चा, वर ५ टक्के आयजीएसटी ४,२००, एकूण बिल ८८,२००. १२ फेब्रुवारीला माल उतरला आणि आमच्या ऑर्डरवर पेमेंटची मुदत ४५ दिवस लिहिलेली, म्हणजे २८ मार्च.

आता तो मार्च कसा होता ते ज्यांनी काढला त्यांना आठवत असेल. इन्कम टॅक्सचं ते ४३बी(एच) कलम पहिल्यांदाच त्या वर्षाला लागू झालेलं, म्हणजे मायक्रो आणि स्मॉल युनिटची बिलं मुदतीत दिली नाहीत आणि वर्ष उलटलं तर त्या वर्षी तो खर्च धरायला मिळत नाही, पैसे देशील त्या वर्षी धर. आमच्या सीएनी होळीच्या आधीच मेसेज टाकलेला की उद्यम रजिस्ट्रेशनवाल्या सगळ्यांची बाकी ३१च्या आत मोकळी करा. आणि इकडे २५ला गुलालोत्सव, २९ला गुड फ्रायडे, हॉटेल फुल्ल, स्टाफमधले निम्मे लोक शिगम्याला गावात.

२६ तारखेला संध्याकाळी सोलापूरच्या मालकांनी आमच्या पात्रांवाला, म्हणजे आमच्या हॉटेलच्या मालकाला, डायरेक्ट फोन केला की मार्चएंड आहे, आमचे तेवढे बघा. पात्रांव भला माणूस, त्यानी तिथल्या तिथे मोबाईलवरून आयएमपीएस मारला आणि "वरचे दोनशे राहू दे हां" म्हणून राऊंड ८८,००० पाठवले. मला सांगायला विसरला. दुसऱ्या दिवशी बँक स्टेटमेंट टॅलीत उतरवताना मला ती एन्ट्री दिसली, पार्टीचं नाव दिसलं, कुठच्या बिलाचे ते कळलं नाही कारण ८८,०००चं बिलच नाही, आणि पात्रांव फोन उचलेना. म्हणून मी ती एन्ट्री पार्टीच्या खात्यात 'ऑन अकाउंट' टाकली. मनात म्हटलं नंतर विचारून बिलाला लावते.

इथेच खड्डा होता. टॅलीत पेमेंट 'ऑन अकाउंट' टाकलं की पार्टीच्या लेजरची बाकी कमी होते खरी, पण बिलवाईज रिपोर्टमध्ये बिल मात्र पेंडिंगच दिसत राहतं, ते ऑन अकाउंटचे पैसे त्याच्या खाली वेगळ्या ओळीत बसतात. आणि पेमेंटची यादी काढताना मी बघते कुठे? बिलं बघते. २८ला दुपारी यादी काढली, ८८,२०० पेंडिंग, ४५वा दिवस आजच, मारला एनईएफटी. खालची ऑन अकाउंटची ओळ तीच्या तीच स्क्रीनवर होती, मी स्वतः आदल्या दिवशी टाकलेली. रक्कम सेम असती तर कदाचित डोळ्याला टोचली असती, पण एक ८८,००० आणि एक ८८,२००, डोकं म्हणालं वेगळं काहीतरी आहे.

कळलं कधी तर एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात. ऑडिटसाठी बॅलन्स कन्फर्मेशनची पत्रं काढत होते, म्हणजे प्रत्येक सप्लायरला "आमच्या पुस्तकात तुमची ३१ मार्चची बाकी एवढी, बरोबर आहे का" असं विचारायचं, आणि सोलापूरच्या खात्यात ८८,००० उलटी बाकी. आपण ज्याचे देणेकरी, तोच आपला देणेकरी झालेला. पहिली पाच मिनिटं मी फक्त बसून राहिले. मग बँकेत फोन केला, तिथल्या बाईंनी अगदी शांतपणे सांगितलं की पैसे बरोबर अकाउंट नंबरला बरोबर नावाने गेलेत, आता त्या खातेदाराच्या संमतीशिवाय आम्ही परत घेऊ शकत नाही, तुम्हीच त्यांच्याशी बोला. बरोबरच आहे म्हणा, आमची चूक बँक का निस्तरेल.

पात्रांवाला सांगितलं. तो आधी हसला, मग मेची पगाराची तारीख आठवली तसं हसू गेलं. आमचा सीझन एप्रिलपर्यंत, मेमध्ये थोडे देशी टुरिस्ट, जूनपासून चार महिने खोल्या रिकाम्या आणि पगार मात्र चालू. त्या दिवसांत ८८,००० म्हणजे किचनचा महिन्याचा भाजीमासळीचा हिशोब. "मेल टाक आणि परत माग, कडक लिही," असं सांगून तो निघून गेला.

पहिलं पत्र मी इंग्रजीत लिहिलं कारण ऑफिसच्या मेलवर तसंच असतं, जुन्या मेलमधून एक टेम्पलेट उचलला. मराठीत सांगायचं तर त्यात साधारण असं होतं: आपल्या खात्यात आमची ८८,००० रुपये रक्कम चुकीने जमा झाली आहे, आपल्या कार्यालयाने ती निदर्शनास आणून दिलेली नाही, तरी सदर रक्कम तीन दिवसांत खालील खात्यात जमा करावी व क्रेडिट नोट द्यावी, अन्यथा पुढील व्यवहारांबाबत विचार करावा लागेल. खाली बँक डिटेल्स, आणि ते पण आमच्या दुसऱ्या बँकेतल्या खात्याचे, कारण पात्रांवाला ओव्हरड्राफ्ट असलेल्या खात्यात पैसे नको होते. सही, शिक्का, पीडीएफ तयार.

सुदैवाने तो शनिवार होता. कडक लिही म्हटलं तरी बाहेर जाणारं कडक पत्र पात्रांवाला आधी दाखवावं लागतं आणि तो मडगावला लग्नाला गेलेला. रविवारी मी डिचोलीला मामाकडे जेवायला गेले. मामा खाण कंपनीच्या ऑफिसात पर्चेसमध्ये तीस वर्षं होता, मग खाणी बंद पडल्या, मामा घरी, पण कागद दिसला की हात शिवशिवतो. फिशकरीभात खाऊन झाल्यावर मी मोबाईलवर तो ड्राफ्ट दाखवला.

मामानी चष्मा वर करून वाचला, एकदा वाचला, परत वाचला. "काय गो हे," म्हणाला, "पैसे कोणी पाठवले?"

"आम्ही."

"मग 'आपल्या खात्यात चुकीने जमा झाली' म्हणजे काय? ती आपण चालत गेली?"

मी गप्प. मग म्हणाला, त्यांनी निदर्शनास आणून दिली नाही म्हणतेस, मार्चएंडला एखादं हॉटेल चार पैसे जास्त पाठवतं तर तो माणूस ते ॲडव्हान्स समजतो, सीझनची ऑर्डर येईल म्हणतो, तो तुला फोन कशाला करील? आणि तीन दिवस? कोणाला देतेस तीन दिवस, त्याला? चूक तुझी आणि मुदत त्याला.

मी म्हटलं बरं, नरम करते. "नरम नंतर," मामा म्हणाला, "आधी सांग, त्यांचा लेजर मागवलास?"

नव्हता मागवला. मला वाटलेलं आमच्या टॅलीत दिसतंय ते पुरेसं आहे. मामा म्हणाला तुझ्या वहीत तुझा हिशोब, त्याच्या वहीत त्याचा, दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय आकडा तोंडातून काढायचा नाही, कारण एकदा लिहिलास की तो तुझा दावा झाला, मग बदललास की पुढचं सगळंच खोटं वाटतं. आणि लेजर मागताना पैशाचा विषयच काढायचा नाही, तो मार्चएंडला सगळेच मागतात.

तरी घरी जाऊन त्या रात्री मी दुसरा ड्राफ्ट लिहिलाच, मराठीत. पहिल्याच्या अपराधीपणातून तो इतका लोण्यासारखा झाला की नंतर वाचताना मलाच लाज वाटली. "आमच्याकडून अनवधानाने मोठी चूक झाली त्याबद्दल मनापासून दिलगिरी, आपले आमचे संबंध जुने, आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व, आपल्या सोयीने जमेल तेव्हा जमेल तसे बघावे ही विनंती." दीड पानात नक्की किती पैसे, कुठच्या तारखेचे, आणि मला काय पाहिजे हेच नव्हतं. सोलापूरच्या अकाउंटवाल्या काकांनी ते वाचून फारतर "काही हरकत नाही" असा रिप्लाय दिला असता आणि पैसे राहिले असते तिथेच. आणि त्रास म्हणे! त्यांच्या खात्यात ८८,००० जास्त आले, त्यांना कसला त्रास.

सोमवारी सकाळी काकांना व्हॉट्सॲप केला: "काका नमस्कार, मार्चएंडचं मॅचिंग चालू आहे, १ ऑक्टोबर ते ३१ मार्चचा आमचा लेजर पाठवाल का." अर्ध्या तासात पीडीएफ आला, खाली हात जोडलेली खूण.

तो उघडला आणि माझं जेवण राहिलं. त्यांच्या लेजरमध्ये आमची एक जास्तीची खरेदी होती. डिसेंबरमधलं बिल, २०० हँड टॉवेल, माल १२,००० आणि जीएसटी ६००, एकूण १२,६००. मला पहिल्यांदा वाटलं त्यांची चूक. मग आमच्या हाऊसकीपिंगच्या ताईला विचारलं, ती म्हणते, "हो, नाताळच्या आधी टॉवेल कमी पडले म्हणून पात्रांवांनी फोनवर मागवले होते, बिल माझ्या ड्रॉवरात असेल." होतं. ट्रकवाल्याच्या पावतीला, एलआरला, पिन केलेलं, वर चहाचा गोल डाग. आणि जीएसटीच्या पोर्टलवर डिसेंबरच्या २बीमध्ये, म्हणजे सप्लायरनी आपल्या नावावर दाखवलेल्या बिलांच्या यादीत, पण ते बिल दिसत होतं, माझ्या एक्सेलमध्ये त्याला मी पिवळा रंग मारून ठेवलेला, "बिल आलं की बघू." म्हणजे चार महिने त्या बिलाचे पैसे आम्हीच दिले नव्हते, आणि काकांनी एकदाही तगादा लावला नव्हता.

आता हिशोब असा बसला. आमच्याकडून दोनदा मिळून गेले ८८,००० अधिक ८८,२००, म्हणजे १,७६,२००. त्यांचं फेब्रुवारीचं बिल ८८,२०० आणि डिसेंबरचं १२,६००, म्हणजे १,००,८००. खरोखरचे जास्त गेलेले ७५,४००. काकांनी पण तेच केलेलं, दुसऱ्या पेमेंटमधले २०० फेब्रुवारीच्या बिलाला, १२,६०० डिसेंबरच्या बिलाला, आणि उरलेले ७५,४०० ऑन अकाउंट. म्हणजे माझं पहिलं कडक पत्र गेलं असतं तर मी ज्या माणसाला १२,६०० देणं लागत होते त्याच्याकडेच ते परत मागितले असते, शिक्का मारून, तीन दिवसांच्या मुदतीत. रिप्लायला त्यांनी फक्त डिसेंबरचं बिल जोडलं असतं, पुरे.

ह्यात ते दोनशेचं पण एक लचांड होतं. पात्रांव म्हणतो मी २०० सूट घेतलीय. पण सूट तोंडी, आणि दुसऱ्या पेमेंटमध्ये पूर्ण ८८,२०० गेलेले. ती सूट धरायची तर जास्तीचा आकडा ७५,६०० होतो. पात्रांवाला म्हटलं दोनशेसाठी आख्ख्या पत्राचा आकडा त्यांच्या लेजरशी जुळणार नाही, सोडा. जो आकडा त्यांच्या पुस्तकात आधीच बसलाय तोच आपण मागितला तर काकांना वरती मालकांना काही समजावून सांगावं लागत नाही, नुसतं "हो, बरोबर आहे" म्हणायचं. सोडले त्यानी, थोडं तोंड वाकडं करून.

तिसरा ड्राफ्ट मग ह्या आकड्यावर लिहिला आणि मामाला पाठवला. मामाचा फोन आला की बरा आहे, पण दोन ठिकाणी अडकणार. एक, ते दुसऱ्या बँकेचं खातं. "हा काळ कसला आहे बघतेस ना, लोक फोन करतात की चुकून पैसे आले, ह्या नंबरला परत करा, आणि खातं तिसऱ्याचंच असतं. पैसे आले एका खात्यातून आणि तू मागतेस दुसऱ्यात, त्यांच्या अकाउंटवाल्याला अक्कल असेल तर तो थांबवेल." खरंच होतं. मी त्यांच्या जागी असते आणि मेलवर नवीन अकाउंट नंबर आला असता तर मी आधी फोन लावून खात्री केली असती, तेवढ्यात आठवडा गेला असता. म्हणून नंबरच काढून टाकला, लिहिलं की ज्या खात्यातून आले त्यातच परत करा. पात्रांवाच्या ओव्हरड्राफ्टचं काय व्हायचं ते होवो.

दुसरं जिथे अडकणार होतं ते मामाला पण पूर्ण ठाऊक नव्हतं, म्हणाला तुझ्या सीएला विचार: ती क्रेडिट नोट. मी प्रत्येक ड्राफ्टमध्ये क्रेडिट नोट मागत होते, कारण आमच्याकडे बोलीतच आहे, पैसे ॲडजस्ट करायचे म्हणजे "क्रेडिट नोट देतो" म्हणायचं. सीए हसले. जीएसटीची क्रेडिट नोट कधी निघते, बिलात किंमत किंवा टॅक्स जास्त लागला, माल परत गेला, मालात खोट निघाली, तेव्हा. इथे बिल एकदम बरोबर आहे, माल पण पूर्ण आहे, फक्त पैसे दोनदा गेले. काकांनी माझ्या म्हणण्यावरून ८८,०००ची जीएसटी क्रेडिट नोट काढली असती तर ती त्यांच्या रिटर्नमध्ये जाऊन त्यांचा टॅक्स कमी दिसला असता, इकडे आमच्या २बीत येऊन आम्हाला तेवढं क्रेडिट उलटवावं लागलं असतं, आणि पुस्तकात बिलच नसल्यासारखं झालं असतं. एका चुकीच्या शब्दाने दोन कंपन्यांचे रिटर्न बिघडले असते. जे पाहिजे होतं ते नुसतं एवढंच, की ती रक्कम आमच्या नावावर आगाऊ जमा म्हणून ठेवा आणि पुढच्या बिलातून वजा करा. मालासाठी आलेल्या आगाऊ रकमेवर पैसे येताना जीएसटी भरावा लागत नाही, तो बिल काढताना लागतो, त्यामुळे त्यांना पण त्याचा काही भार नाही. सर्व्हिसवाला असता, समजा एसीचा मेंटेनन्स, तर गोष्ट वेगळी असती, तिथे ॲडव्हान्सवर पण टॅक्स लागतो आणि परत करताना रिफंड व्हाउचर वगैरे येतं. टॉवेल आहेत म्हणून वाचलो.

आणखी एक विचार करायचा होता तो म्हणजे परत मागायचे की ॲडजस्ट करायचे. पात्रांवाला सगळे परत पाहिजे होते. पण सोलापूरवाला छोटा माणूस, त्याने आलेले पैसे सुतात घातले असणार, एप्रिलमध्ये ७५,००० एकदम काढून दे म्हणणं म्हणजे त्याचा पण महिना बिघडवणं. उलट सगळेच ॲडजस्ट करा म्हटलं तर आमची पुढची ऑर्डर सप्टेंबरात, ऑक्टोबरच्या सीझनच्या आधी, म्हणजे पाच महिने आमचे पैसे त्यांच्याकडे बिनव्याजी. म्हणून दोन्ही वाटा पत्रातच लिहिल्या आणि कुठची आम्हाला बरी पडेल ते पण लिहिलं. "आपल्याला सोयीचं होईल ते" एवढंच लिहिलं की समोरचा काहीच ठरवत नाही, हा माझ्या दुसऱ्या ड्राफ्टचा धडा.

शेवटी जे गेलं ते असं होतं:

"नमस्कार काका,

लेजर लगेच पाठवलात, आभार. तो आमच्या पुस्तकाशी जुळवून बघितला. त्यात आमच्या दोन चुका सापडल्या.

पहिली, डिसेंबरचं २०० हँड टॉवेलचं १२,६०० रुपयांचं बिल आमच्याकडे नोंदायचं राहिलं होतं. माल मिळाला आहे, बिल मान्य आहे, आता नोंदलं आहे.

दुसरी, फेब्रुवारीच्या ८८,२०० रुपयांच्या बिलाचे पैसे आमच्याकडून दोनदा गेले. २६ मार्चला आयएमपीएसने ८८,००० आणि २८ मार्चला एनईएफटीने ८८,२००. दोन्हीचे व्यवहार क्रमांक सोबतच्या बँक स्टेटमेंटवर खूण करून दिले आहेत.

दोन्ही बिलं वजा जाता आमचे ७५,४०० रुपये आपल्याकडे जास्त जमा राहतात. आपल्या लेजरमध्ये ३१ मार्चला हाच आकडा ऑन अकाउंट दिसतो.

आमचा पावसाळा आता सुरू होतोय, त्यामुळे ह्यातले निदान ४०,००० मे महिन्यात परत मिळाले तर आमची सोय होईल, आणि उरलेले सप्टेंबरच्या ऑर्डरमधून वजा करावेत असं आम्हाला वाटतं. आपल्याला दुसरी विभागणी बरी पडत असेल तर तशी कळवा, त्यावर बोलू. पैसे परत करताना कृपया ज्या खात्यातून आले त्याच खात्यात पाठवावेत, आम्ही वेगळं खातं देत नाही आहोत. खात्री करायची असेल तर ऑर्डरवर जो ऑफिसचा नंबर आहे त्यावर मला फोन करा.

दोन्ही बिलं बरोबर आहेत, त्यामुळे जीएसटीची क्रेडिट नोट नको आहे. फक्त ७५,४०० ची बाकी मान्य असल्याचं मेलवर कळवलंत तर ऑडिटला लावता येईल. १० मेपर्यंत कळवलंत तर बरं होईल.

आपली,
अकाउंट्स, मोरजी"

मामाला पाठवलं तर त्यानी त्यात फक्त एक शब्द काढायला लावला. "कृपया" तीनदा होतं, एकदा ठेव म्हणाला, तेही खात्याच्या ओळीत, कारण तिथे आपण त्याला काळजी घ्यायला सांगतोय. वर मी "आपल्या लेजरमध्येही" असं लिहिलेलं, तो 'ही' मीच काढला. त्यात पकडलं बघा असा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांचा फोन. "ताई, डिसेंबरचं बिल तुम्ही स्वतःहून काढलं ते बरं केलं, मी मालकांना म्हणत होतो गोव्याला फोन लावूया म्हणून." मालकांना विचारून सांगतो म्हणाले. दोन दिवसांनी मेल आला, चार ओळींचा: ७५,४०० बाकी मान्य, ४०,००० मेच्या पहिल्या आठवड्यात, ३५,४०० सप्टेंबरच्या बिलात. ७ मेला पैसे आले, आमच्या त्याच ओव्हरड्राफ्टच्या खात्यात, पात्रांव दोन दिवस माझ्याशी कमी बोलला. डिसेंबरच्या बिलाचं जीएसटी क्रेडिट पण त्याच महिन्यात घेतलं, त्याला नोव्हेंबरअखेरपर्यंत वेळ होता म्हणून बुडालं नाही.

गंमत सप्टेंबरात झाली. पूलचे निळे टॉवेल मागवले, माल ६०,०००चा. काकांनी बिल पाठवायच्या आधी ड्राफ्ट व्हॉट्सॲपवर टाकला, बघून घ्या म्हणून. त्यात त्यांनी ३५,४०० मालाच्या किमतीतूनच वजा केलेले, डिस्काउंट असल्यासारखे, आणि उरलेल्या २४,६०० वर ५ टक्के लावून एकूण २५,८३०. माझ्या हिशोबात ६०,००० वर ३,००० जीएसटी, ६३,०००, त्यातून ३५,४०० वजा, द्यायचे २७,६००. फरक १,७७०. बरोबर ३५,४०० चे ५ टक्के.

पात्रांव शेजारीच उभा होता, म्हणाला, "आपल्याला स्वस्त पडतंय ना, मग बोलतेस कशाला?"

मी काकांना फोन लावला. म्हटलं काका, ते पैसे आगाऊ आलेले, सूट नाही, टॅक्स पूर्ण ६०,००० वर लावा आणि वजाबाकी एकूणच्या खाली घ्या, नाहीतर तुमचा माल कागदावर २४,६००चा होतो. पलीकडे थोडा वेळ नुसता कॅल्क्युलेटरचा आवाज. मग म्हणाले, "हां हां, बरोबर, खाली घेतो, थांबा." दहा मिनिटांत नवीन बिल आलं, एकूण ६३,०००, त्याखाली एका ओळीत "आगाऊ जमा ३५,४००", आणि देय २७,६००.

त्या संध्याकाळी मी एनईएफटी मारायच्या आधी पात्रांवाला विचारलं, तुम्ही मोबाईलवरून काही पाठवलं नाही ना. नाही म्हणाला. तरी त्याचा फोन मागून घेतला आणि बँकेच्या ॲपमध्ये शेवटची दहा पेमेंटं बघितली, मगच पाठवले, आणि ह्या वेळी एन्ट्री बिलाला लावून टाकली. खातं शून्यावर आलं.